गॉगलचा आकार डोळा निवडतो, पण निकाल नाक देते

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमची भाची कॉलेजमधून स्कूटीवर घरी येत होती. सोलापूरचे दुपारचे ऊन, डोक्यावर स्कार्फ, त्यावर हेल्मेट आणि नाकावर नवाकोरा एव्हिएटर गॉगल. वळणावर तिने मान खाली घालून आरशात पाहिले आणि गॉगल सरकून ओठांपर्यंत आला. एका हाताने तो सावरताना स्कूटी रस्त्याच्या कडेच्या मातीत गेली. अल्लाहच्या कृपेने गुडघा खरचटण्यावर निभावले. घरी आल्यावर सगळ्यांनी तिलाच बोल लावले, की लक्ष कुठे होते? ती रडवेली होऊन म्हणाली, "खाला, माझं लक्ष रस्त्यावरच होतं. गॉगलच थांबत नाही नाकावर."

आम्ही दोघी बहिणींनी तो गॉगल हातात घेऊन पाहिला. फोनवर फोटो बघून मागवलेला होता. दिसायला छान, आणि तिच्या चेहऱ्यालाही वाईट दिसत नव्हता. मग दोष कुठे होता? हे विचारायला आम्ही आमच्या ओळखीच्या चष्मेवाल्या चाचांकडे गेलो. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले आहेत. गेलो होतो एका गॉगलची तक्रार घेऊन, पण आमच्यासोबत अम्मी, भाऊ आणि भाची असल्याने चार चेहरे आणि चार आकार असा सगळा हिशेबच तिथे उलगडला. तो वाचकांच्याही कामी येईल म्हणून इथे मांडत आहोत.

आधी नाक पाहा

चाचांनी भाचीला समोर बसवले, पण गॉगलकडे पाहिलेच नाही. ते तिच्या नाकाकडे पाहत राहिले. दोन काचांना जोडणारा, नाकावर येणारा जो भाग असतो त्याला ब्रिज म्हणतात. चाचा म्हणाले, "लोक काचेचा आकार बघून गॉगल घेतात. पण गॉगल उभा असतो ब्रिजवर. ब्रिज चुकला की आकार कितीही आवडो, तो चेहऱ्यावर जिथं बसायला हवा तिथं बसतच नाही."

नाक उंच आहे की बसके, हे ओळखायची एक सोपी पद्धत त्यांनी दाखवली. आरशात सरळ समोर पाहायचे. बुबुळांच्या मधोमध एक आडवी रेघ आहे असे समजायचे. नाकाचे हाड जिथून वर उठायला लागते ती जागा त्या रेघेच्या वर असेल तर नाक उंच. रेघेवर किंवा तिच्याही खाली असेल तर ब्रिज बसका. आमच्या भावाचे नाक अब्बांसारखे, भुवयांपासूनच उठलेले. भाचीचे मात्र रेघेच्या खाली सुरू होते. अशा नाकाला फ्रेमचा आधार खूप खाली मिळतो. मग फ्रेम गालांवर टेकते, हसले की वर उचलली जाते आणि पापण्या काचेला घासतात.

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात तीन आकडे असतात. उदाहरणार्थ ५२, १८, १४०. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा ब्रिजची रुंदी आणि तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. घरात आपल्याला नीट बसणारा जुना चष्मा असेल तर त्याचे आकडे टिपून घ्यावेत. नवा गॉगल कुठूनही घ्यायचा झाला तरी ते उपयोगी पडतात. मात्र हे आकडे नाकाची उंची सांगत नाहीत, ती आरशातच पाहावी लागते.

एव्हिएटर: वैमानिकाची काच

भाचीच्या गॉगलचा आकार अमेरिकेतल्या वैमानिकांसाठी तयार झाला. विमाने जास्त उंच उडू लागली तशी वरच्या लख्ख उजेडाने वैमानिकांचे डोळे दिपू लागले. त्यासाठी बॉश अँड लॉम्ब या कंपनीने १९३०च्या दशकात हिरवट काचांचा हलका गॉगल बनवला. काच पाण्याच्या थेंबासारखी खाली उतरती ठेवली, कारण वैमानिकाला वारंवार नजर खाली घालून समोरच्या तबकड्या पाहाव्या लागतात. नजर कुठेही गेली तरी काच तिच्यासोबत असावी, हा हेतू. वरच्या बाजूला जी दुसरी आडवी तार असते ती एवढ्या मोठ्या काचांच्या बारीक फ्रेमला ताठ ठेवते. दुसऱ्या महायुद्धात जनरल मॅकआर्थर यांच्या काळ्या गॉगलमधल्या छायाचित्रांनी हा आकार लष्कराबाहेरच्या लोकांनाही परिचित केला.

चेहऱ्यावर हा आकार दोन गोष्टी करतो. वरची तार भुवयांपाशी एक सरळ रेघ आणते आणि थेंबाचे टोक गालांकडे वजन नेते. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर खालचा भाग भरल्यासारखा वाटतो. चेहरा लहान असेल तर मात्र अर्धा गाल काचेखाली जातो.

मग भाचीचा गॉगल का सरकला? चाचांनी तीन कारणे दाखवली. एक, मोठ्या काचांमुळे फ्रेमचे बहुतेक वजन पुढे आणि मागे धरून ठेवणारे काही नाही. दोन, नाकावर टेकणाऱ्या दोन छोट्या पॅड बाहेरच्या बाजूला इतक्या पसरलेल्या होत्या की तिच्या नाकाला त्या नीट शिवतच नव्हत्या. तीन, तिने काड्या स्कार्फच्या वरून घातल्या होत्या. काडीचे वाकलेले टोक कानामागच्या हाडाला धरते तेव्हाच गॉगल थांबतो. मध्ये कापड आले की ती पकड जाते, मग घाम आणि मान झुकवणे एवढे पुरते.

चाचांनी बारीक पक्कड घेऊन दोन्ही पॅडच्या तारा आत घेतल्या. तेवढ्याने गॉगल चक्क तीन-चार मिलिमीटर वर उचलला गेला. पापण्या काचेपासून सुटल्या. धातूच्या फ्रेमचा हाच फायदा, की पॅड हलवता येतात. बसक्या नाकाने म्हणूनच पॅड असलेली फ्रेम आधी पाहावी.

काड्यांबद्दल त्यांनी एक मजेशीर गोष्ट सांगितली. अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांसाठी पुढे सरळ काड्यांचे गॉगल निघाले. हेल्मेट न काढता ती काडी सरळ आत सारता यावी म्हणून. "पोरी, तुझा स्कार्फ आणि त्यांचं हेल्मेट, अडचण एकच," चाचा म्हणाले. बारीक आणि सरळ काडी असेल तर ती स्कार्फच्या आतून, कानाला लागून सरकवता येते आणि कापडाचा हलका दाबच तिला धरून ठेवतो. जाड किंवा जास्त वाकलेली काडी आत घातली तर तासाभरात कान दुखू लागतो. स्कार्फ किंवा ओढणी घेणाऱ्या आमच्या बहिणींनी गॉगल नेहमी स्कार्फ बांधूनच घालून पाहावा. उघड्या डोक्याने नीट बसलेला गॉगल स्कार्फवर तसाच बसेल असे नाही.

वेफेअरर: ज्याचे नाक त्याचा गॉगल

भावाने काउंटरवरचा जाड काळा वेफेअरर उचलला. हा आकार त्याच बॉश अँड लॉम्ब कंपनीने १९५०च्या दशकात आणला. त्यांचा आधीचा एव्हिएटर बारीक तारेचा होता. हा मात्र पूर्ण प्लास्टिकचा, म्हणजे ॲसिटेटचा. वर रुंद, खाली निमुळता, आणि वरचे कोपरे किंचित बाहेर काढलेले.

यात ब्रिज फ्रेमसोबतच घडवलेला असतो. पॅड नाहीत, त्यामुळे नंतर हलवण्यासारखे काही नाही. नाकाचा उतार आणि ब्रिजचा उतार जुळला तर गॉगलचे वजन सगळीकडे सारखे पसरते आणि नाकावर पॅडचे लाल डागही पडत नाहीत. भावाला तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच बनवला. तोच गॉगल भाचीने घातला आणि ती हसली, तर फ्रेम गालांनी वर ढकलली. दुकानात हसून पाहणे ही चाचांची आवडती परीक्षा आहे. हसल्यावर फ्रेम हलली तर ती नाकावर नव्हे, गालांवर बसलेली आहे. ज्यांना हाच आकार हवा आणि नाक बसके आहे, त्यांच्यासाठी नाकाच्या जागी ॲसिटेट जास्त जाड ठेवलेल्या फ्रेमही मिळतात, त्या मुद्दाम मागाव्या लागतात.

वेफेअररची सरळ वरची रेघ आणि कोन गोल, भरलेल्या चेहऱ्याला थोडी धार देतात. जबडा आधीच चौकोनी असेल तर तेच कोन जड वाटतात. जाड काळ्या ब्रिजने दोन डोळे जवळ आल्यासारखे दिसतात. मुळातच डोळे जवळ असतील तर ब्रिज पारदर्शक किंवा फिक्या रंगाचा घ्यावा. या काड्या चुकीच्या वाकल्या असतील तर दुकानात त्या गरम हवेने मऊ करून वळवता येतात. पण हीच गोष्ट उलटही होते. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली ठेवलेला ॲसिटेटचा गॉगल आपोआप वाकडा होतो, आणि मग आपण म्हणतो की माल खराब निघाला.

कॅट-आय: वर उचललेले कोपरे

आमच्या थोरल्या बहिणीला मांजरीच्या डोळ्यासारखा कॅट-आय हवा होता. ही फ्रेम एका बाईच्या डोक्यातून आली. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या काचा सजवणाऱ्या अल्टिना शिनासी यांना १९३०च्या दशकात बायकांचे चष्मे फार रुक्ष वाटत. व्हेनिसच्या उत्सवातल्या मुखवट्यांवरून त्यांनी वरचे बाहेरचे कोपरे उचललेली फ्रेम कागद कापून तयार केली. मोठ्या कंपन्यांनी ती नाकारली. शेवटी एका दुकानदाराने ती घेतली आणि ती गाजली.

या आकाराची गंमत कोपऱ्यांत आहे. पाहणाऱ्याची नजर वर आणि बाहेर जाते, म्हणून वयाने उतरलेले गाल आणि डोळ्यांचे कोपरे उचलल्यासारखे दिसतात. जबडा रुंद आणि कपाळ अरुंद असेल तर वरचा भाग भरून येतो. कपाळ मुळातच रुंद आणि हनुवटी टोकदार असेल तर हाच आकार वरचा भाग आणखी रुंद करतो. आमच्या बहिणीचे कपाळ रुंद होते. शिवाय स्कार्फची कड नेमकी तिथेच येते जिथे कॅट-आयची सगळ्यात रुंद जागा असते. मोठे टोक स्कार्फला लागून वाकायचे आणि फ्रेम पुढे ढकलली जायची. चाचांनी तिला कोपरे जेमतेम उचललेली, स्कार्फच्या कडेच्या आत राहणारी फ्रेम दिली.

कॅट-आयमध्ये दोन्ही प्रकारचे ब्रिज येतात. एक घोड्याच्या खोगिरासारखा, जो नाकाच्या माथ्यावर सगळीकडे टेकतो. दुसरा कुलपाच्या भोकासारखा, जो माथा मोकळा सोडून नाकाच्या दोन्ही बाजूंना टेकतो. खोगिराचा ब्रिज खाली असला की लांब नाक आखूड दिसते. कुलपाच्या भोकासारखा ब्रिज वर मोकळी जागा सोडतो, म्हणून आखूड नाक थोडे लांब वाटते.

गोल: जुना, साधा आणि नंबरवाल्यांचा

आता भाचीची खरी अडचण. तिला मायनस पाच नंबर आहे. गॉगल घालायच्या दिवशी ती डोळ्यांत लेन्स घालते आणि उन्हाळ्यात डोळे कोरडे पडून लाल होतात. म्हणून तिला एव्हिएटरमध्येच नंबरची गडद काच बसवायची होती. चाचांनी कागद घेतला.

तिच्या दोन बुबुळांमधले अंतर ६० मिलिमीटर. एव्हिएटरवर आकडे होते ५८ आणि १४. एक काच आणि ब्रिज मिळून ७२. म्हणजे दोन काचांच्या मध्यांमधले अंतर ७२ आणि डोळ्यांचे ६०. फरक १२, प्रत्येक बाजूला ६. नंबरचा मध्य बुबुळासमोर यायला हवा, म्हणून तो काचेच्या मध्यापासून ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. मध्य नाकाकडे गेला की कानाकडची कड त्याच्यापासून ३५ मिलिमीटर लांब पडते. साध्या प्लास्टिकच्या काचेत ती कड अंदाजे ८ मिलिमीटर जाड निघेल. बारीक तारेच्या फ्रेममध्ये एवढी जाड काच! वजन पुढे, आणि गॉगल पुन्हा ओठांवर.

मग त्यांनी पॅड असलेली, धातूची, जवळजवळ गोल फ्रेम काढली. आकडे ४७ आणि २०. बेरीज ६७, फरक ७, प्रत्येक बाजूला साडेतीन. कड मध्यापासून २७ मिलिमीटर. जाडी अंदाजे साडेपाच मिलिमीटर, आणि काचही लहान म्हणून वजन बरेच कमी. काचेच्या जास्त दाट प्रकाराने ती अजून कमी करता येते, पण पैसे वाढतात. फ्रेम बदलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. जुन्या काळी चष्मे गोल असत, गांधीजींचा आणि डॉ. आंबेडकरांचा चष्मा आठवा. जड नंबराला हा आकार आजही सोयीचा पडतो, कारण त्याला दूरचे कोपरेच नाहीत.

गोल आकार कोनदार जबडा, उंच गालफडे यांना मऊपणा देतो. भरलेला गोल चेहरा मात्र आणखी गोल दिसतो. भाचीचा चेहरा गोलच आहे, म्हणून चाचांनी अगदी वर्तुळ न देता वरची बाजू किंचित सपाट असलेली फ्रेम निवडली. या आकाराचे दोन तोटेही त्यांनी लपवले नाहीत. काच लहान असल्याने वरून आणि बाजूने ऊन आत येते. दुसरा तोटा फार कमी लोकांना ठाऊक असतो. पूर्ण गोल काच फ्रेमच्या खाचेत फिरू शकते. साध्या काचेत काही बिघडत नाही. पण तिरका नंबर असेल तर काच फिरली की धूसर दिसते आणि डोके दुखते. वर गडद आणि खाली फिकी अशी काच असेल तर रंगाची रेघ तिरकी झालेली दिसते, त्यावरून ओळखता येते. वरची बाजू सपाट असेल तर काच फिरत नाही.

काचेचा रंग आणि डोळ्याची राखण

अम्मींनी बाजारातला एक स्वस्त, काळाकुट्ट गॉगल दाखवून विचारले, "हा सगळ्यात गडद आहे, मग सगळ्यात चांगला ना?" चाचांनी मान हलवली. गडद रंग फक्त उजेड कमी करतो. उन्हातले न दिसणारे अतिनील किरण अडवतो की नाही, ते काचेच्या द्रव्यावर किंवा थरावर ठरते. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच ते किरण अडवत नसेल तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त किरण आत जाऊ शकतात. म्हणून यूव्ही ४०० असे लिहिलेले पाहावे. लिहिलेल्यावर विश्वास नसेल तर बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत ते तपासायचे छोटे यंत्र असते, मिनिटाचे काम आहे.

रोजच्या उन्हाला तिसऱ्या वर्गाची काच पुरते, तिच्यातून ८ ते १८ टक्के उजेड येतो. चौथ्या वर्गाची त्याहून गडद काच गाडी चालवताना घालायची नसते. करड्या आणि हिरवट काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी काचेतून रस्त्यावरचे खड्डे जरा उठून दिसतात. पोलराइज्ड काच ओल्या रस्त्यावरची आणि गाड्यांच्या काचांवरची चमक कापते, पण काही फोनचे पडदे तिच्यातून काळे दिसतात.

निघताना

चाचांनी भाचीला नवी फ्रेम घालून मान पूर्ण खाली घालायला लावली, मग डावी-उजवीकडे हलवायला, मग खळखळून हसायला. फ्रेम हलली नाही. आरशात पाहिले तर बुबुळे काचेच्या जवळजवळ मध्यावर होती, फ्रेमची रुंदी चेहऱ्याएवढीच होती आणि वरची कड भुवयांच्या रेघेसोबत चालत होती. चेहरा गोल की चौकोनी हा विचार त्यांनी सगळ्यात शेवटी केला. "त्यात चूक झाली तर फार तर फोटो बिघडतो," ते म्हणाले. "नाकात चूक झाली तर काय होतं, ते तुमच्या पोरीच्या गुडघ्याला विचारा."

जुना एव्हिएटर भाचीने टाकला नाही. पॅड आत घेतलेला तो गॉगल आता आमच्या अम्मी गच्चीवर पापड वाळवताना घालतात. त्यांचे नाक उंच आहे, तो त्यांना अगदी बरोबर बसतो.